सुईबाई आणि टी-शर्टवरची ओळ

माझ्या आत्याला तिच्या कामाच्या जागी सगळे सुईबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि ती ओ देते. तिची सगळी नोकरी रेडिओ केंद्रात तबकडीवर सुई ठेवण्यात गेली, हे या नावाचं एक कारण. दुसरं कारण तिच्याशी दोन वाक्यं बोललं की आपोआप कळतं.

निवृत्त झाल्यावर ती घरी बसेल अशी भीती घरातल्या सगळ्यांनाच होती. पण रेडिओ केंद्राने आपला जुना संग्रह सार्वजनिक ग्रंथालयाला देऊन टाकला आणि त्या संग्रहामागोमाग आत्याही तिथे गेली. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर ध्वनी विभाग आहे. एका खोलीत छतापर्यंत कपाटं, दुसऱ्या काचेच्या खोलीत रेकॉर्ड प्लेअर, टेपचं मोठं यंत्र आणि चार खुर्च्या. लोक तिथे अर्धवट आठवणारी गाणी घेऊन येतात. कोणाला पहिली ओळ आठवत नसते, कोणाला फक्त मधलं सतारीचं वाजणं आठवतं. एकदा एक बँक मॅनेजर आले आणि त्यांनी नुसतं "ला ला ला" करून दाखवलं. आत्याने पहिल्या "ला"लाच गाणं ओळखलं होतं, हे तिने मला नंतर सांगितलं. तरी तिने त्यांच्याकडून ते आणखी तीनदा म्हणून घेतलं, कारण खालच्या वाचनालयातले लोक जिन्यात येऊन उभे राहिले होते.

मी दातांच्या कवळ्या बनवते. माझं वर्कशॉप ग्रंथालयाच्या मागच्याच गल्लीत आहे. दुपारी जेवायला मी आत्याकडे जाते, म्हणून हा सगळा प्रकार मला पहिल्यापासून बघायला मिळाला.

त्या दिवशी आम्ही डबे उघडले होते, तेवढ्यात एक जोडपं आलं. ती पोहायला शिकवते, तो लिफ्ट दुरुस्त करतो. हे आम्हाला नंतर कळलं. आल्या आल्या ती एवढंच म्हणाली, "आम्हाला एक गाणं हवंय."

"ते सगळ्यांनाच हवं असतं," आत्या म्हणाली. "कुठलं?"

त्याने शर्टाची बाही वर केली. हातावर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदवलेलं होतं:

*दार ऊघडे ठेवले मी, ये, पुन्हा जाऊ नको*

आत्याने चष्मा लावला, त्याचा हात उजेडाकडे वळवला आणि औषधाच्या बाटलीवरचं वाचावं तसं ते वाचलं.

"'उघडे'मधला उ ऱ्हस्व असतो," ती म्हणाली. "तुमचा दीर्घ आहे."

तो आपल्याच हाताकडे बघत राहिला. मुलीने हळूच आपलं मनगट पाठीमागे नेलं. तिच्याही मनगटावर तोच ऊ होता.

"पुसता येत नाही ना?"

"नाही."

"मग राहू दे. पुढे सांगा."

हकिगत अशी होती. ती एकदा लिफ्टमध्ये अडकली होती. हा आला, यंत्राच्या खोलीत गेला, लिफ्ट मजल्याला आणली आणि दार उघडलं. आत ती उभी, आणि तिच्या टी-शर्टवर छातीवर मोठ्या अक्षरांत हीच ओळ. तो म्हणाला, "दार मी उघडलंय, श्रेय तुम्ही घेताय." इतक्या भांडवलावर प्रेम जमलं. आता लग्न ठरलं होतं आणि त्या दोघांना लग्नात हे गाणं गाऊन घ्यायचं होतं. ऑर्केस्ट्रावाल्याने सांगितलं, ओळ नको, गाणं पाठवा. तेव्हा यांच्या लक्षात आलं की गाणं कोणी ऐकलेलंच नाही.

"म्हणजे न ऐकलेलं गाणं तुम्ही अंगावर गोंदवून घेतलंत," आत्या म्हणाली.

"ओळच इतकी आवडली," तो म्हणाला. "आणि इंटरनेटवर आहे ना सगळीकडे, 'एका जुन्या गाण्यातून' म्हणून."

"मी शोधीन," आत्या म्हणाली. "पण शोधलेलं ऐकावं लागेल. आवडो न आवडो."

दोघांनी आनंदाने माना हलवल्या. असल्या वचनाला लोक किती सहज हो म्हणतात!

ते गेल्यावर आत्याने टेबलावर बोटं वाजवत ती ओळ चार वेळा म्हटली. "दा-र-उघ-डे, ठे-व-ले-मी. सात, सात, सात आणि शेवटी पाच. ऱ्हस्व उ असेल तरच हिशेब बसतो बघ. कवीला गाणं कळत होतं. हे सात मात्रांच्या रूपक तालात बसतं. बाईचा आवाज. संथ. जुनं भावगीत आहे, माझी खात्री आहे."

आत्याची खात्री झाली की आमच्या घरात कोणी वाद घालत नाही. जेवण गार होतं.

आधी तिने ग्रंथालयाची सूची पाहिली. तिथे गाणी पहिल्या ओळीवरून लावलेली असतात. आपल्याला मिळालेली ओळ मधल्या कडव्यातली असेल तर सूची मुकी राहते, आणि ती मुकीच राहिली. मग तिने मला इंटरनेटवर बसवलं. ती ओळ शेकडो ठिकाणी होती. समुद्राच्या फोटोवर होती, चहाच्या कपाच्या फोटोवर होती, एका ठिकाणी मांजराच्या फोटोवर होती. खाली कवींची नावं वेगवेगळी. एकाच ओळीचे सहा बाप.

"ऊ बघ," आत्या म्हणाली. "सगळीकडे दीर्घ आहे का?"

होता. शंभरातल्या शंभर ठिकाणी.

"म्हणजे यातल्या कोणीही ते गाणं ऐकलेलं नाही, पुस्तकातही वाचलेलं नाही. सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून उतरवून घेतलंय, चुकीसकट. ही चूक जिथून निघाली तिथे आपण जायचं. स्कूटर काढ."

टी-शर्ट छापणारा तळघरातल्या दुकानात बसतो. गरम दाबयंत्र, कोऱ्या शर्टांचे गठ्ठे आणि जळक्या रबराचा वास. आत्याने विचारलं, "ही ओळ कुणाची?"

"माझी," तो म्हणाला.

"तुमची म्हणजे तुम्ही लिहिलीत?"

"म्हणजे मी छापली."

"आणि उतरवली कुठून?"

त्याने जरा आढेवेढे घेतले. आत्या स्टुलावर बसली आणि गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याच्या इतर शर्टांवरच्या शुद्धलेखनाच्या चुका वाचायला लागली. तिसऱ्या शर्टाला त्याने कबूल केलं. नदीकडे जाताना एक जुनं धान्याचं गोदाम लागतं, त्याच्या मागच्या भिंतीवर चित्र आहे. तिथून त्याने फोटो काढला होता.

"भिंतीला कोणी विचारतं का हो?" तो म्हणाला.

"नाही," आत्या म्हणाली, "पण मी विचारणार आहे."

भिंतीवरचं चित्र खरंच सुंदर होतं. अर्धवट उघडलेलं दार, दारात टेकून उभी असलेली बाई, तिच्या पायापाशी एक लांब वळणदार वेल, आणि वर ती ओळ. ऊ दीर्घ. आत्याने भिंतीला नाक लावलं. कोपऱ्यात चित्रकाराची सही आणि फोन नंबर होता. त्याला आम्ही एका दुकानाच्या शटरवर कुलूप रंगवताना गाठलं.

"माझी नाही ती ओळ," तो शिडीवरूनच म्हणाला. "नगरपालिकेने भिंती रंगवायला काढल्या होत्या. त्या भिंतीवर आधीच काहीतरी लिहिलेलं होतं, निळ्या अक्षरांत. बरंचसं पोपडे धरून पडलेलं. एवढीच ओळ वाचता येत होती. वाचली आणि मी ब्रश खाली ठेवला, ताई. असं वाटलं, कोणीतरी वर्षानुवर्षं तिथे उभं राहून वाट बघतंय. मग मी त्या बाईचं चित्र काढलं."

"आणि ऊ?"

"तिथे उच्या बाजूने रंगाचा ओघळ आला होता. मला वाटलं दीर्घच आहे."

"ओळीशिवाय आणखी काय होतं?"

"खाली ती वेल होती. तेवढी मी ठेवली. फक्त पानं माझी."

परत येताना आत्या मागच्या सीटवर गुणगुणत होती. तिने त्या ओळीला आपल्या मनाने चालसुद्धा लावून टाकली होती. तिच्या डोक्यात आता एक संपूर्ण कथा तयार झाली होती. कोणी एक विरही कवी, गोदामात हमाली करणारा, प्रेयसीसाठी भिंतीवर लिहून ठेवणारा. मी म्हटलं, "ओळीतलं बोलणं बाईचं आहे ना ग?" तर म्हणाली, "मग बाई हमाल असेल. तुला काय त्रास आहे?"

एवढं झाल्यावर ती जिथे कधीच जायचं नाही असं म्हणते तिथे गेली. मखमलरावांकडे.

मखमलराव म्हणजे निवृत्त गुरांचे डॉक्टर. त्यांच्या घरात माणसांना बसायला एक खुर्ची आहे आणि बाकी सगळीकडे रेकॉर्डी आहेत. प्रत्येक रेकॉर्ड ते मखमलीच्या फडक्याने पुसतात, म्हणून हे नाव. ठेवलं आत्यानेच. त्या दोघांचं गेली कित्येक वर्षं भांडण आहे. एका रेकॉर्डवर सारंगी वाजते, असं ते म्हणतात, की दिलरुबा, असं आत्या म्हणते, यावरून. एकमेकांना वाढदिवसाला ते भेटकार्ड पाठवतात आणि त्यात फक्त "सारंगी" किंवा "दिलरुबा" एवढंच लिहितात.

"या, दिलरुबाबाई," मखमलरावांनी दार उघडलं. "काय अडलंय?"

"अडलंबिडलं काही नाही. सहज आले." मग तिने ओळ म्हणून दाखवली.

मखमलरावांच्या हातातलं फडकं थांबलं. त्यांनी डोळे मिटले.

"ऐकलंय," ते म्हणाले.

"थापा मारू नका."

"अहो, ऐकलंय! मी शाळेत होतो. टॉकीजमध्ये ऐकलं, डोळे मिटून. पडद्यावर काय होतं, पुढे काय झालं, काही आठवत नाही. बाईचा आवाज, काय सांगू, मधासारखा. आणि शेवटी तो खटका! तसा खटका मी परत कधी ऐकला नाही. अंगावर काटा आला होता. सगळं थिएटर दचकलं होतं."

खटका म्हणजे गाणाऱ्याने सुराला दिलेला पटकन झटका, गळ्यातली एक हरकत. आत्या आणि मखमलराव, दोघांचीही आयुष्यं असल्या हरकतींच्या मागे गेलेली. दोघं समोरासमोर बसून पाच मिनिटं नुसती माना डोलावत होती. भांडणाला सुरुवात झाल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच एकमताने बसलेलं बघितलं.

टॉकीजमध्ये ऐकलं म्हणजे चित्रपटातलं गाणं. आत्याने आपलं भावगीत मुकाट्याने मागे घेतलं, हमाल बाईसकट, आणि पुढचे दिवस चित्रपटांची गाणी चाळण्यात घालवले. पूर्वी चित्रपटगृहाबाहेर गाण्यांच्या चोपड्या विकत, त्यांचे गठ्ठे ग्रंथालयात आहेत. त्यात सगळी कडवी छापलेली असतात, त्यामुळे मधली ओळही सापडते. मखमलरावांच्या शाळेच्या वर्षांतली प्रत्येक चोपडी तिने पाहिली. एकीतही ती ओळ नाही. दारं खूप सापडली, पण सगळी बंद.

आत्या चिडली की भाजी निवडते. ग्रंथालयात भाजी नसते, म्हणून ती माझ्या डब्यातले वाटाणे सोलायला लागली.

"टॉकीजमध्ये वाजलं," ती म्हणाली, "पण चित्रपटात नाही. असं काय असतं ग टॉकीजमध्ये, जे चित्रपटात नसतं?"

"ढेकूण," मी म्हटलं.

तिने वाटाणा खाली ठेवला. मला वाटलं आता बोलणी बसणार. पण ती माझ्याकडे बघतच राहिली.

"चित्रपटाच्या आधी काय दाखवायचे?"

"जाहिराती."

ती उठली. जाहिरातींची गाणी कुठल्याही सूचीत नसतात, कारण त्यांच्या रेकॉर्डी कोणी विकत घेत नाही. रेडिओवरही ती लागायची, त्यांची रिळं केंद्रात यायची, आणि आत्याच्या शब्दांत सांगायचं तर "आम्ही संगीतवाले त्यांच्याकडे नाक मुरडून बघायचो." ती रिळं सूचीत न घेता खोक्यांत भरून ठेवली होती. ग्रंथालयात ती खोकी आली तशीच मागच्या कपाटाच्या तळाशी सरकवून दिली होती. सरकवणारी आत्याच.

आम्ही दोघी जमिनीवर बसून खोकी ओढायला लागलो. प्रत्येक रिळाच्या डबीच्या कडेवर मालाचं नाव तेवढं लिहिलेलं. आत्या मोठ्याने वाचत होती. "अंगाचा साबण. कपड्यांचा साबण. छत्री. केसांचं तेल. दंतमंजन. खटका."

ती थांबली.

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

तिने डबी माझ्यापुढे धरली. 'खटका छाप'. खाली बारीक अक्षरात, 'उंदरांचे पिंजरे'.

आत्या आधी आवाज न करता हसली. मग खांदे हलायला लागले. मग तिने कपाटाला धरलं. खालून ग्रंथपालबाई वर आल्या, "बरं वाटत नाहीये का?" विचारायला. आत्याला बोलताच येईना. ती नुसती हवेत बोटाने नागमोडी रेघ काढत होती. मला उलगडायला जरा वेळ लागला. भिंतीवरची वेल! पानं चित्रकाराची. बाकी शेपूट.

इतकी जुनी टेप घाईने लावता येत नाही. जोडांचा डिंक सुकलेला असतो, झटका बसला की टेप तुटते. आत्याने ती हाताने सावकाश एका रिळावरून दुसऱ्यावर घेतली, सुटलेला एक जोड नव्या पट्टीने चिकटवला, आणि मगच यंत्र सुरू केलं. तिने कानाला हेडफोन लावले. मला ऐकू दिलं नाही. तिचा चेहरा आधी हळवा झाला, मग डोळे विस्फारले, आणि शेवटी ती खुर्चीतल्या खुर्चीत दचकली.

"उद्या सगळ्यांना बोलव," ती म्हणाली. "जोडप्याला आणि मखमलला."

"आधी सांगून टाक ना ग. त्या पोरांनी अंगावर गोंदवलंय!"

"त्यांनी कबूल केलंय, शोधलेलं ऐकू म्हणून. आणि मखमलने तर अंगावर काटा आणलाय. तो मला परत बघायचाय."

दुसऱ्या दिवशी चारही खुर्च्या भरल्या. मी दाराशी उभी. मखमलराव इस्त्रीचा सदरा घालून आले होते. मुलाने बाही आधीच वर केली होती. आत्याने चेहरा इतका गंभीर ठेवला होता की मला काचेकडे तोंड करावं लागलं.

"डोळे मिटा," ती म्हणाली. "हे गाणं बऱ्याच वर्षांत कोणी ऐकलेलं नाही."

टेप सुरू झाली. आधी बासरी. मग तो आवाज. मखमलरावांनी सांगितलं होतं त्यात एका अक्षराची अतिशयोक्ती नव्हती.

*दार उघडे ठेवले मी, ये, पुन्हा जाऊ नको…*

मुलीने मुलाचा हात धरला. मखमलरावांच्या गालावरून पाणी ओघळलं. आवाज आणखी मऊ झाला.

*आत आहे गोड काही, एकटा खाऊ नको…*

मुलाच्या कपाळाला एक आठी पडली. डोळे मिटलेलेच.

*आण मामा, आण काका, लाजुनी राहू नको…*

"मामा?" मुलगा म्हणाला.

आणि खटॅक्! चारही खुर्च्या जागच्या उडाल्या. पाठोपाठ एक जाडजूड पुरुषी आवाज: "खटका छाप उंदराचा पिंजरा! आला तो गेला नाही!"

टेप संपून टोक फडफडत राहिलं. मखमलराव डोळे पुसत होते आणि पुसता पुसता त्यांना कळत गेलं की आपण इतकी वर्षं ज्या हरकतीची आठवण जपली ती एका स्प्रिंगने घेतली होती.

"अजून सारंगीच?" आत्याने त्यांच्याकडे बघून हळूच विचारलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "दिलरुबा. पण हे बाहेर सांगायचं नाही."

सगळ्यात आधी मुलगी हसली. हसता हसता ती खुर्चीवरून खाली बसली. मुलगा मात्र हसला नाही. त्याने बाही खाली ओढली, बटण लावलं. "मी उंदराच्या पिंजऱ्याची जाहिरात हातावर घेऊन फिरतोय," तो म्हणाला. "वर्षभर. क्लायंटकडे. आमच्या साहेबांनी कौतुक केलं होतं."

"आणि माझी बिचारीची अवस्था?" ती म्हणाली. "मी लिफ्टमध्ये हेच छातीवर घालून उभी होते. तू दार उघडलंस. आत आलास. गेलास का परत?"

तो बाहीच्या बटणाशी चाळा करत राहिला.

"सांग ना, गेलास का?"

"नाही," तो म्हणाला, आणि मग त्यालाही आवरलं नाही. "आणि वर मामाला घेऊन आलो तुझ्या घरी, बोलणी करायला! काकालाही!"

हे ऐकून आत्यासुद्धा टेबलावर डोकं ठेवून हसली. गाणं लग्नात वाजणार हे तिथेच नक्की झालं, तिन्ही ओळींचं. भांडण फक्त शेवटच्या खटक्यावरून झालं. तो मुलाने स्वतः वाजवायचा असं ठरलं, कामावरच्या लोखंडी पट्टीने.

पण आत्याचं काम संपलं नव्हतं. गाणं मिळालं, गाणारी कुठे आहे? डबीवर तिचं नाव नव्हतं. मखमलरावांनी आवाज बारा गायिकांशी ताडून पाहिला आणि तेराव्यांदा मान हलवली. शेवटी आत्याने रेडिओच्या सकाळच्या कार्यक्रमात पहिली ओळ ऐकवायला लावली. फक्त पहिली. "हा आवाज कोणाचा हे माहीत असेल त्यांनी ग्रंथालयाला फोन करावा."

फोन बरेच आले. त्यातले बहुतेक, हे आपल्या आजीचं आवडतं गाणं होतं, असं सांगणारे. मग एक बारीक, तुटक आवाज आला.

"तो माझा आवाज आहे. पण माझ्या सुनेला कळता कामा नये."

आत्या तिच्या घरी गेली, मला घेऊन. सून कामावर गेल्यावर. म्हातारी शिवणकाम शिकवून निवृत्त झालेली, पाठ ताठ, बोटात अजून अंगुस्तान. तिने सांगितलं ते असं. तरुणपणी ती गाणं शिकत होती. एका स्टुडिओवाल्याने बोलावलं, म्हणाला, प्रेमगीत आहे, आपल्या माणसाची वाट बघतोय असं समजून गा. ती जीव ओतून गायली. तिसरी ओळ आली तेव्हा तिने विचारलं, प्रेमगीतात मामा आणि काका कशाला? तर तो म्हणाला, कवी नव्या विचारांचे आहेत.

"मग?" आत्या पुढे सरकली.

"मग काय? लग्न झालं. पहिल्यांदाच यांच्याबरोबर सिनेमाला गेले. सासूबाई एका बाजूला, हे दुसऱ्या बाजूला. दिवे गेले, आणि माझा आवाज सुरू झाला. मी यांच्या कानात म्हटलं, ऐका, ही मी! हे इतके खूष झाले! सासूबाईंना सांगितलं, मागच्या रांगेला सांगितलं. आणि मग पडद्यावर एक हा एवढा उंदीर आला."

आत्याने तोंडाला पदर लावला.

"हे त्यानंतर मला जन्मभर 'ये, पुन्हा जाऊ नको' म्हणून हाक मारायचे," म्हातारी म्हणाली. तिला हसू येत होतं आणि ते आवरायचा ती प्रयत्नही करत नव्हती. "सासूबाई मात्र घरात मांजर आणायच्या गोष्टी करायला लागल्या. मी कुठे परत गायले नाही."

ती लग्नाला आली. सुनेला सांगितलं, जुन्या विद्यार्थिनीचं लग्न आहे. ऑर्केस्ट्राच्या गायिकेला तिने गाण्यातल्या दोन जागा बदलून दाखवल्या, स्वतः मात्र माईकला हात लावला नाही. मुलाने पट्टी आपटली तेव्हा सगळ्यात आधी तीच दचकली, मग तीच सगळ्यात जास्त वेळ टाळ्या वाजवत होती.

आत्याने इंटरनेटवर माझ्याकडून खुलासा लिहून घेतला. ओळ कुठली, कशासाठी, कुठल्या भिंतीवरून आली, ऊ का दीर्घ झाला, सगळं. खाली लोकांनी तिला खोटारडी ठरवलं. एवढी हृदयाला भिडणारी ओळ उंदरासाठी असूच शकत नाही, असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने कवीचं सातवं नाव सुचवलं. दोन दिवस आत्या फणफणली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "उंदराच्या भावनांचा कोणी विचारच करत नाही." मग त्यावर तिने काही लिहिलं नाही.

आता ती त्या खोक्यांतली रिळं एकेक करून सूचीत घेते आहे. आधी नाक मुरडायची तीच बाई साबणाची गाणी गुणगुणत जिना चढते. ती म्हातारी, आता आमच्या शिवणबाई, आठवड्यातून एकदा तिच्या मदतीला येतात, सुनेला शेवटी सगळं सांगून, तिच्या परवानगीने. मखमलरावही येतात, फडकं घेऊन, आणि तिघांची भांडणं खालपर्यंत ऐकू येतात.

परवा मी डबा घेऊन गेले तर यंत्रावर खोकल्याच्या औषधाचं रीळ चाललं होतं. त्यात एक बाई आधी भयंकर खोकत होती आणि मग फार गोड गात होती.

"गळा तयार आहे," आत्या म्हणाली. "कोण असेल ही?"

मखमलरावांनी डोळे मिटून तीन नावं सुचवली. शिवणबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"काय हो?" आत्याने विचारलं.

"गाणारी मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण खोकतेय ती मी."